व्हिडिओतला कप कोणालाच मिळत नाही

‘मी हौसेने कथा लिहिते. ताज्या कथेची नायिका मुक्ता ही अबोल, लाजाळू मुलगी नारायण पेठेतल्या जुन्या घराच्या गच्चीवरील खोलीत मातीची भांडी करते. धीर करून ती पहिला व्हिडिओ टाकते, रात्रीत तो लाखभर लोक पाहतात, सकाळी पुण्यातूनच सहा चहाच्या कपांची पहिली ऑर्डर येते आणि तिसऱ्या दिवशी ती कप बांधून कुरिअरला देते. आमच्या वाचनकट्ट्यावर मातीकाम शिकणाऱ्या एक बाई “तिसऱ्या दिवशी?” असे म्हणून हसल्या. बाकीचे म्हणाले की शेवट आधीच कळतो आणि मुक्ताचे लाजणे वरवरचे वाटते. कथा सोबत पाठवली आहे. नेमके काय बदलू? आणि शेवटी मुक्ता व ती गिऱ्हाईक बाई भेटाव्यात का?’
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

सप्रेम नमस्कार.

त्या बाईंचे हसणे तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण नुसती तारीख बदलून मोकळ्याही होऊ नका. ‘तिसऱ्या दिवशी’ खोडून ‘चौथ्या आठवड्यात’ असे लिहिले, तर मातीकाम जाणणारा वाचक गप्प बसेल, इतकेच. ऑर्डर आणि पार्सल यांच्या मधले जे दिवस तुम्ही एका वाक्यात ओलांडले आहेत, तुमची कथा त्याच दिवसांत दडलेली आहे. व्हिडिओ पाहणाऱ्यांनी जो कप पाहिला तो ओला होता. ओली माती गडद आणि चकचकीत दिसते, तिच्यावर बोटांच्या रेषा उठून दिसतात आणि ती भाजलेल्या भांड्यापेक्षा बरीच मोठी असते. भट्टीतून बाहेर येणारा कप लहान असतो, त्याचा रंग वेगळा असतो आणि हातालाही तो वेगळा लागतो. म्हणजे गिऱ्हाइकाने जी वस्तू पाहून मागणी केली, ती वस्तू तिला मिळणे शक्यच नसते; आणि ही गोष्ट अनोळखी बाईला समजावून सांगण्याचे काम, जिला दूधवाल्याशीही बोलताना संकोच होतो अशा मुक्तावर येऊन पडते. तिचे लाजणे वरवरचे वाटते, कारण तुम्ही ते विशेषणांत ठेवले आहे. त्या पहिल्या उत्तरात तिला बोलावेच लागेल अशी अडचण तिच्यापुढे उभी करा.

त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी, आणि ती म्हणजे मुक्ता कोणत्या प्रकारचे मातीकाम करते. कसबा पेठेतील कुंभारवाडा किंवा मुंढव्याजवळच्या केशवनगरातील कुंभार वस्ती येथील परंपरागत काम लाल मातीचे. आव्यात भाजलेले ते भांडे सच्छिद्र राहते. माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार होते. पण त्याच मातीचा, झिलई न दिलेला कप रोजच्या चहाला वापरला, तर तो चहा शोषून घेईल आणि काही दिवसांनी त्याला वास येऊ लागेल. तुमच्या कथेतील कपांना निळी झिलई आहे आणि गिऱ्हाईक ते वर्षानुवर्षे वापरणार आहे, तेव्हा मुक्ताचे काम स्टोनवेअरचे आहे, असे मी धरतो. ही माती सुमारे १,२०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजली की घट्ट होते आणि फारसे पाणी पीत नाही. (मुक्ता कुंभार घरातली असती, तर कथा निराळी झाली असती, अनेक ठिकाणी परंपरेने माती मळणे आणि भांडी रंगवणे स्त्रियांकडे, पण चाक मात्र पुरुषांकडे राहिले आहे. तो विषय मोठा आहे, त्याला जाता जाता हात लावू नका.)

दुसरी गोष्ट भट्टीची. तुमच्या मसुद्यात मुक्ता गच्चीवरच्या खोलीतच कप भाजते. लहान विजेच्या भट्टीलासुद्धा तीन-चार किलोवॉट वीज तासन्‌तास लागते, आणि जुन्या घरातल्या वायरिंगवर हा भार घालायला घरमालक राजी होणे कठीण. शिवाय महावितरणने दुरुस्तीसाठी गुरुवारी पुरवठा बंद ठेवला, तर अर्ध्यावर आलेली भट्टी थंड होत जाते. म्हणून मुक्ताला चाक द्या, पण भट्टी देऊ नका. तिने कच्चे कप वारज्यातल्या कोणाच्या तरी भट्टीत भाजून घ्यावेत, असे ठेवा. अशा भट्ट्या पूर्ण भरल्याशिवाय पेटवत नाहीत, कारण सहा कप भाजायला आणि साठ कप भाजायला वीज जवळपास सारखीच लागते. त्यामुळे मुक्ताचे वेळापत्रक तिच्या हातात राहत नाही, आणि जी तारीख आपल्या हातात नाही ती दुसऱ्याला सांगणे संकोची माणसाला सर्वांत जड जाते.

आता व्हिडिओ. तुम्ही मुक्ताला चाकावर गोळा ठेवून सुबक कप घडवताना दाखवले आहे. तसे व्हिडिओ सगळेच टाकतात, आणि लाजाळू मुलगी आपले सर्वांत चांगले काम पहिल्याच दिवशी लोकांपुढे ठेवील, हे मला पटत नाही. चाकावर काम शिकणारे लोक एक सराव नेहमी करतात. ताजा घडवलेला कप तारेने उभा कापून त्याचे दोन भाग करतात आणि आतली भिंत तळापासून काठापर्यंत एकसारखी जाड आहे का, ते पाहतात. नवशिक्याच्या कपाची भिंत तळाशी जाड आणि वर पातळ निघते. हात बसला की ती खालपासून वरपर्यंत चार-पाच मिलिमीटरची एकसारखी दिसते. कापलेल्या कपाची माती परत मळायला जाते. मुक्ताने या कापण्याचाच व्हिडिओ टाकावा, असे मी सुचवतो. तो कप विकायचा नाही, तो आता उरलेलाही नाही, त्यामुळे त्याला कोणी नावे ठेवली तरी तिला लागणार नाही. ती व्हिडिओ टाकायला का धजली, याचे कारण एवढ्यातच वाचकाला कळते. आणि ज्या बाईला भांड्यातले कळते, ती नेमके हेच पाहून थांबेल, कारण घडवलेला कप बाहेरून कसाही सुंदर दाखवता येतो, पण कापलेली भिंत लपवता येत नाही.

व्हिडिओ घेण्याचा प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकला आहे, तेथे थोडे थांबा. मातीने माखलेल्या हातांनी फोनला हात लावता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग आधी सुरू करावे लागते आणि ते बंद करण्याआधी हात धुवावे लागतात. परिणामी मुक्ताच्या फोनमध्ये मधले सगळेच साठते: चाकाची घरघर, खालून येणारी प्रेशर कुकरची शिट्टी, आणि कप कापल्यावर ती स्वतःशीच बोललेले ‘बघ, तळाला अजून जाड आहे.’ चेहरा दिसू नये म्हणून तिने फोन खाली, चाकाच्या पातळीवर ठेवला असेल, पण आवाजाचे तिच्या ध्यानात आले नसेल. तो आवाज काढून टाकावा की राहू द्यावा, यावर तिने संध्याकाळ घालवली, तर ते मला पटेल. खिडकीच्या बाजूने येणारा उजेड ठेवा. मातीवरच्या रेषा तिरक्या उजेडातच दिसतात, आणि साध्या ट्यूबच्या प्रकाशात काही वेळा चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात, ते टळते.

लाखभर लोकांनी पाहिल्याचे मात्र काढून टाका. एका ऑर्डरीसाठी एकच बाई पुरते. व्हिडिओ तीन-चारशे जणांनी पाहिला, त्यात निम्मे नातेवाईक आणि कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, आणि एक सहकारनगरच्या बाई होत्या, असे म्हटले की ती बाई वाचकाला दिसू लागते. लाख लोकांत ती हरवते.

ऑर्डरीचा संवाद कसा व्हावा, याचा नमुना म्हणून मी तुमच्या कथेत थोडा हात घालतो. जुलैचा महिना धरा, त्याचे कारण पुढे येईलच.

बाईंचा निरोप आला तेव्हा मुक्ता गच्चीवर वाळत टाकलेले कपडे काढत होती. ‘ताई, भिंत फार सुरेख एकसारखी आली आहे. असे सहा कप मिळतील का? चहासाठी. पुढच्या रविवारी हवे होते. किती होतील?’ मुक्ताने ‘हो’ लिहिले आणि पुसले. मग ‘बघते’ लिहिले आणि तेही पुसले. ‘बघते’ म्हटले की माणसे होकार समजतात, हे तिला आईच्या उदाहरणावरून ठाऊक होते. शेवटी तिने लिहिले: ‘नमस्कार. सहा कप करून देईन, पण पुढच्या रविवारी नाही जमणार. आत्ता पाऊस आहे, माती वाळायला वेळ लागतो. साधारण चार आठवडे धरा. व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा कप लहान होईल आणि रंगही तसा नसेल, कारण तो ओला होता. तुमच्या घरी चहाला किती मोठा कप लागतो?’ पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आले की घराबाहेरच्या कोणालाही तिने आजवर एवढे लांब काही लिहिलेले नव्हते. उत्तर आले: ‘दीडशे मिली चहा, वर थोडी जागा. रविवारचे सोडा, मी पाहुण्यांना जुन्याच कपात देईन.’

येथे तुमच्या वाचनकट्ट्यावरच्या बाई हसणार नाहीत, असे वाटते. पण मुक्ताने ‘कप लहान होईल’ असे म्हटले आहे, तर किती लहान, हे तुम्हाला लेखक म्हणून माहीत असले पाहिजे, मग ते कथेत येवो अगर न येवो. स्टोनवेअरची माती वाळताना आणि भाजताना मिळून लांबीत सुमारे दहा ते तेरा टक्के आकसते. १२ टक्के धरले, तर ओल्या मातीतले १०० मिलिमीटर शेवटी ८८ राहतात. ऐकायला हे किरकोळ वाटते. परंतु कप लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही बाजूंनी आकसतो, म्हणून त्यात मावणारे द्रव जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. दीडशे मिली चहा आणि वर बोटभर जागा हवी असेल, तर काठोकाठ २१० मिलीचा कप लागेल, म्हणजे आतून साधारण ७५ मिलिमीटर खोल आणि ६० मिलिमीटर रुंद. तो मिळवायला मुक्ताने चाकावर ८५ मिलिमीटर खोल आणि ६८ मिलिमीटर रुंद कप घडवला पाहिजे, ज्यात ओला असताना ३०० मिलीहून थोडे जास्तच मावेल. सहा कप सारखे हवेत म्हणून ती प्रत्येक गोळा आधी तोलून घेईल आणि उंची व तोंड मोजायला दोन काड्या कापून चाकाशेजारी ठेवील. आजवर तिने एकेक कप मनाला येईल तसा केला आहे. दुसऱ्याच्या मापाने सारखे सहा करणे हे तिच्यासाठी नवे काम आहे, आणि मला विचाराल तर पहिल्या ऑर्डरीचा खरा ताण तेथे आहे.

आता जुलैविषयी. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की कपाचा काठ तळाच्या आधी वाळतो आणि तडे जातात; म्हणून कप झाकून ठेवावे लागतात. जुलैमध्ये याच्या उलट, कप वाळतच नाहीत. मुक्ता पहिल्या दिवशी सहासाठी नऊ कप घडवते. जाणकार कारागीर वरचे तीन का करतो, हे कथेत समजावून सांगू नका, ते वाचकाला पुढे आपोआप कळेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती कातड्यासारखी घट्ट झाली की ती कप उलटा चाकावर ठेवून त्याचा तळ तासते आणि कान लावते. कान लावताना दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा ओढून पातळ मातीचा लेप द्यावा लागतो; आणि मुख्य म्हणजे कान व कप यांचा ओलावा सारखा असावा लागतो. कान अधिक ओला असला, तर तो मागाहून जास्त आकसतो आणि वरच्या जोडापाशी केसासारखी चीर पडते. ही चीर त्या दिवशी दिसत नाही, दहा दिवसांनी दिसते. म्हणून मुक्ता कान लावलेले कप दोन दिवस प्लास्टिकखाली ठेवते, म्हणजे दोघांचा ओलावा एक होतो. तुमच्या मसुद्यात कप कुरिअरला जातात त्या दिवशी ते खरे तर या प्लास्टिकखाली असतात.

त्यानंतर उघड्यावर वाळवणे. पावसाळ्यात याला दहा-बारा दिवस सहज जातात. कप वाळला की नाही, हे कुंभार गालाला लावून पाहतात: गार लागला, तर आत अजून पाणी आहे. हा तपशील तुमच्या कथेला फार उपयोगी पडेल, कारण मुक्ता रोज सकाळी नऊ कप एकेक करून गालाला लावून पाहते आहे, हे दृश्य तिच्याविषयी जे सांगते ते ‘ती हळवी होती’ या तुमच्या वाक्याला सांगता आलेले नाही. घाई का करायची नाही, याचे कारणही साधे आहे. आत पाणी राहिलेला कप भट्टीत १०० अंशांच्या पुढे गेला की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कप फुटतो. त्याचे तुकडे उडून शेजारी ठेवलेली दुसऱ्यांची भांडीही खराब होतात. दुसऱ्याच्या भट्टीत आपल्या कपाने असे केले, तर काय तोंड दाखवायचे, ही भीती मुक्ताला ‘बाईंचे कप उशिरा मिळतील’ या भीतीहून मोठी वाटेल.

पुरता वाळलेला कच्चा कप हा त्याच्या सगळ्या प्रवासातला सर्वांत नाजूक कप असतो. कान धरून उचलला तरी कान हातात येतो. असे नऊ कप नारायण पेठेतून वारज्याला स्कूटरवरून न्यायचे आहेत. भावाने गाडी चालवावी, मुक्ताने मागे बसून मांडीवर फोमच्या तुकड्यांनी भरलेला खोका धरावा आणि कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाआधी ‘हळू’ म्हणावे. विनोदाला येथे पुष्कळ जागा आहे, आणि तुमच्या कथेला त्याची गरजही आहे.

पहिली भाजणी सुमारे ९५० ते १,००० अंशांची. तीत कप कडक होतो, पण सच्छिद्र राहतो, म्हणून झिलई शोषून घेतो. भट्टीवाल्यांनी परत दिलेले कप मुक्ता बोटाच्या नखाने वाजवून पाहते. नऊपैकी एक भद्द वाजतो, आणि कानाच्या जोडापाशी ओले बोट फिरवल्यावर चीर काळी रेघ होऊन दिसते. आठ उरतात. मग झिलई. कप दोन-तीन सेकंद झिलईत बुडवून काढायचा आणि तळ ओल्या स्पंजने स्वच्छ पुसायचा, कारण तळाला झिलई राहिली तर ती वितळून कप भट्टीच्या फळीला कायमचा चिकटतो. येथे तुम्हाला एक फुकटचा प्रसंग मिळतो, तो सोडू नका. निळी झिलई कोबाल्ट कार्बोनेटपासून केलेली असली, तर न भाजता ती फिकट जांभळी-गुलाबी दिसते. बाई मध्येच विचारतात, ‘कुठवर आले कप?’ आणि मुक्ता उत्साहाने फोटो पाठवते. बाईंचे उत्तर: ‘अहो, मी निळे मागितले होते.’ मुक्ताला पुन्हा लिहावे लागते, आणि या वेळी ती काही पुसत नाही.

दुसरी भाजणी सुमारे १,२२० अंशांची, आणि भट्टी निवायला जवळपास एक दिवस लागतो. उतावीळपणे दार उघडले, तर गार हवा लागून झिलई तडकते. या भाजणीत आठांपैकी एक कप फळीला चिकटलेला निघतो. तळ पुसताना त्याची एक बाजू राहून गेली होती. सात उरतात, आणि त्यातला एक भट्टीच्या कडेला असल्याने इतरांहून फिका आहे. म्हणजे सहा सारखे कप बेताचेच मिळतात. तुम्ही आकडे बदललेत तरी चालेल, पण हिशेब असाच तंग राहू द्या. नऊच्या नऊ कप नीट निघाले, तर तो जाणकार वाचकाला चमत्कार वाटेल.

पैशाचा प्रश्न कथेत अजिबात आलेला नाही, तो एका परिच्छेदापुरता यायला हवा. बाईंनी ‘किती होतील?’ असे पहिल्याच निरोपात विचारले होते आणि मुक्ताने त्याचे उत्तर टाळले, हे तुमच्या लक्षात आले असेल. भाव सांगणे तिला चार आठवडे सांगण्याहून अवघड वाटते. तिने किंमत काढताना माती, झिलई, दोन्ही भाजण्यांचे भट्टीभाडे आणि खोके धरावे, आणि तो खर्च सहा कपांचा न धरता घडवलेल्या नऊ कपांचा धरावा. नाहीतर बाद झालेल्या तिघांचा भुर्दंड तिच्याच खिशाला बसतो. निम्मे पैसे आधी घेण्याचा सल्ला तिचा भाऊ देईल, कारण नव्याने विकायला बसलेल्यांना मोठी ऑर्डर देतो असे सांगून फसवणारेही भेटतात. ते ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे म्हणतात, आणि पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, एवढे भावाने तिला बजावून ठेवले असले म्हणजे झाले. बाई सरळ आहेत, तेव्हा हे प्रकरण पुढे वाढवू नका. पण मुक्ताची अनोळखी माणसाविषयीची धास्ती निव्वळ स्वभावदोष नाही, हे त्यातून सुचते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कुरिअर ठेवलेत तर भेट टळते, आणि मुक्तालाही तेच आवडेल. ती कानाच्या आत कागदाचा बोळा घालून प्रत्येक कप बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळील, लहान खोका मोठ्या खोक्यात ठेवून मधली जागा भरील, आणि घरातल्या घरात तो खोका कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकून बघील. पण सहकारनगरच्या बाई नारायण पेठेतून कप मागवताना कुरिअरचे पैसे देतील, हे मला तरी अशक्य वाटते. त्या लिहितील, ‘कशाला कुरिअर, मी मंडईत येणारच आहे, येऊन घेऊन जाते.’ तेव्हा भेट होऊ द्या, फक्त तिला समारंभाचे रूप देऊ नका. चहा नको, व्हिडिओची स्तुती नको. बाईंनी जिन्यातच खोका उघडावा, एक कप उलटा करून तळावरून अंगठा फिरवावा, कारण खरखरीत तळ टेबलावर चरे पाडतो. मुक्ताने तो आदल्या दिवशी पॉलिश पेपरने घासून ठेवला आहे, हे वाचकाला माहीत असेल, बाईंना नाही. मग मंडईत माठ घेताना आपल्याकडे बायका जसे करतात तसे त्यांनी बोटाच्या पेराने एकेक कप वाजवून बघावा. सहाही कप खणखणीत वाजतात. बाई उरलेले पैसे पाठवतात आणि विचारतात, ‘सातवा होता ना? तो काय केलात?’ मुक्ता फिका कप आणून दाखवते. त्या तो घेतात की नाही, हे तुम्ही ठरवा. मी असतो, तर त्यांना त्यावर थोडी घासाघीस करू दिली असती आणि मुक्ताला पहिल्यांदाच तोंडी ‘नाही’ म्हणायला लावले असते.

एवढे सगळे दोन हजार शब्दांच्या कथेत बसणार नाही, अशी शंका तुम्हाला आली, तर ती रास्त आहे. त्यासाठी मुक्ताच्या बालपणीची पहिली दोन पाने काढा, आणि कथा बाईंच्या निरोपापासून, गच्चीवरच्या कपड्यांपासून सुरू करा. कप कापण्याचा व्हिडिओ मग मुक्ता रात्री पुन्हा उघडून पाहते, तेव्हा वाचकालाही दिसेल.